घोटानंतरचे पंधरा सेकंद

1855 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्डोच्या दलालांनी तिथल्या लाल वाइनची पाच दर्जांत प्रतवारी लावली. आधार होता बाजारभावाचा. कोणत्या मळ्याचा माल वर्षानुवर्षं किती किमतीला जातो हे दलालांना पाठ होतं, आणि जास्त भाव म्हणजे जास्त गुणवत्ता असं धरून यादी तयार झाली. किरकोळ बदल सोडले तर ती अजूनही चालू आहे.

मे 1976 मध्ये पॅरिसमध्येच स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन-विक्रेत्याने नऊ फ्रेंच परीक्षकांसमोर नावं लपवून वाइन ठेवल्या. लाल वाइनमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची 1973 ची कॅबरने सोव्हिन्यों. बोर्डोच्या पहिल्या दर्जाची मूतों रोतशिल्ड तिच्या मागे राहिली. पांढऱ्या वाइनमध्येही कॅलिफोर्नियाचीच शातो मॉन्टेलेना जिंकली. नाव आणि किंमत झाकली, की परीक्षकाकडे उरतो फक्त पेला. मग तो पेल्यात नेमकं काय शोधतो?

स्वतःची आवड तर नक्कीच नाही. गोड वाइन न आवडणारा परीक्षकही गोड वाइनला वरचा दर्जा देतो, द्यावाच लागतो. लंडनच्या डब्ल्यूएसईटी या वाइन-शिक्षण संस्थेच्या पद्धतीत त्यासाठी चार प्रश्न विचारले जातात: वाइन तोललेली आहे का, तिची चव किती वेळ टिकते, गंध-चव पुरेशी ठसठशीत आहे का आणि तिच्यात किती पदर आहेत. जर्मनीतल्या मोझेल नदीकाठची रीसलिंग घेतली की हे प्रश्न चांगले उलगडतात, कारण पहिल्या घोटाला ही वाइन नवख्या माणसाची हमखास दिशाभूल करते.

मोझेलचे मळे स्लेट दगडाच्या खड्या उतारांवर आहेत. हवा थंड, म्हणून द्राक्षं सावकाश पिकतात आणि साखर भरली तरी त्यांची आम्लता शाबूत राहते. ‘श्पेटलेजे’ प्रकारची पारंपरिक गोड वाइन करताना सगळी साखर आंबू देत नाहीत. मधेच रस थंड करून यीस्टचं काम थांबवतात. त्यामुळे अल्कोहोल जेमतेम 8 टक्के राहतं आणि लिटरमागे साधारण 80 ग्रॅम साखर शिल्लक उरते. म्हणजे 750 मिलिलिटरच्या एका बाटलीत 60 ग्रॅम, चहाचे बारा-पंधरा चमचे भरतील इतकी. आकडा ऐकून वाटावं की हा पाकच असणार. पण त्याच वाइनमध्ये लिटरमागे आठेक ग्रॅम आम्लही असतं. लिंबू सरबताचं जे गणित आपल्याला हाताने येतं तेच इथे आहे: नुसता लिंबाचा रस पिववत नाही, नुसतं साखरेचं पाणी दोन घोटांत नकोसं होतं, दोन्ही जमली की पेला रिकामा होतो.

तोल म्हणजे हेच. गोडवा, आम्लता, अल्कोहोल, लाल वाइनमधला टॅनिनचा तुरटपणा आणि फळाची चव यांतलं कोणीही एकटं पुढे येऊन बसत नाही. प्रमाण कमी हवं असं मुळीच नाही. मोझेलच्या वाइनमध्ये साखरही भरपूर आणि आम्लही भरपूर असतं. परीक्षक पाहतो ते घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर तोंडात काय उरतं ते. ओठांना चिकटा जाणवला तर आम्ल कमी पडलं. घशात जळजळ झाली तर अल्कोहोल फळाच्या पुढे गेलं. हिरड्या कोरड्या पडून ओढल्यासारख्या झाल्या आणि फळ मात्र कुठेच नसलं, तर टॅनिन जड झालं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तो कोरडेपणा येतो.

आपल्या नाशिककडची अडचण मोझेलच्या नेमकी उलट आहे. ऊन भरपूर, त्यामुळे साखर झपाट्याने चढते आणि आम्लता तितक्याच लवकर घसरते. हिवाळ्यातल्या थंड रात्री ही घसरण थोडी रोखतात. तरी शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लांची तोडणी कधी करायची हा तिथला मोठा निर्णय असतो. लांबवली तर वाइन जड आणि बेचव होते. फार घाई केली तर आंबट, कच्च्या वासाची. नाशिकची पांढरी वाइन पिताना मी सर्वांत आधी हाच तोल तपासतो. तो साधलेली वाइन मला मनापासून कौतुकाची वाटते.

दुसरी कसोटी लांबीची, आणि माझ्या मते सर्वांत विश्वासाची. घोट गेल्यावर सेकंद मोजायचे. यासाठी फ्रेंच चाखणाऱ्यांकडे ‘कोदाली’ नावाचं मापच आहे: एक कोदाली म्हणजे एक सेकंद. साध्या वाइनची चव चार-पाच सेकंदांत विरते. पंधरा सेकंदांनंतरही ती स्पष्ट असेल तर वाइन दखल घेण्याजोगी. मात्र मोजायची ती चांगली चव. कडवटपणा, अल्कोहोलची ऊब किंवा नुसता आंबटपणा मिनिटभर रेंगाळला तरी तो लांबीत धरत नाहीत. ही चव खरं तर मुख्यतः वासाची असते. तोंडातली वाफ घशामागून नाकात चढते, म्हणून घोटानंतर तोंड मिटून नाकाने श्वास सोडायचा. सर्दी झालेल्या परीक्षकाला लांबी मोजताच येत नाही. चांगल्या रीसलिंगमध्ये या वेळात चव बदलतही जाते: आधी पीच, मग लिंबाची साल, शेवटी ओल्या दगडाची आठवण देणारं काहीतरी.

इथून तिसरी कसोटी सुरू होते, पदरांची. काही गंध द्राक्षाचे असतात, काही वाइन करण्याच्या पद्धतीतून येतात, जसा ओकच्या पिंपाचा व्हॅनिला किंवा यीस्टचा पावासारखा वास, आणि काही मुरण्यातून. मोझेलच्या रीसलिंगला बहुधा नव्या ओकचा स्पर्श नसतो. तरी दहा वर्षं मुरल्यावर तिच्यात मध येतो, सुका मेवा येतो, आणि रॉकेलची आठवण देणारा एक वास येतो. नवख्याला तो दोष वाटतो, पण तो या द्राक्षाचा स्वभावच आहे. उलट, ओकचा व्हॅनिला चढवून फळ दाबून टाकलेली महाग वाइन चाखली, तर पदर एकच सापडतो.

किंमत या सगळ्यांत अगदीच निरर्थक नाही. उतारावरची मजुरी, कमी उत्पादन, नवी पिंपं यांचा खर्च खरा असतो. नावाचा आणि दुर्मीळतेचा भाव त्यावर चढतो. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहा हजारांहून अधिक झाकून केलेल्या चाखण्या तपासल्या होत्या. प्रशिक्षण नसलेल्यांना महाग वाइन किंचित कमीच आवडली. प्रशिक्षितांमध्ये मात्र कल उलटा दिसला.

तज्ज्ञांनाही मर्यादा आहेत. कॅलिफोर्नियातले निवृत्त प्राध्यापक रॉबर्ट हॉजसन यांनी तिथल्या राज्य मेळ्याच्या स्पर्धेत एकाच बाटलीतली वाइन परीक्षकांना नकळत तीनदा दिली. साधारण दहातल्या एकालाच तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देता आले. काहींनी त्याच वाइनला कांस्यही दिलं आणि सुवर्णही. दिवसभरात डझनावारी पेले चाखले की जीभ थकते, आधीच्या पेल्याची साखर पुढच्याला आंबट करते. म्हणून गंभीर स्पर्धांत एकट्याच्या गुणांवर पदक देत नाहीत, मंडळ बसतं आणि वादातला पेला पुन्हा मागवतं. हॉजसन यांना आणखी एक गोष्ट दिसली: परीक्षकांच्या गुणांत सातत्य होतं ते मुख्यतः त्यांनी नाकारलेल्या वाइनच्या बाबतीत.