गेन बदलत्या यंत्राला वळण लावणारा नियम

विमानाच्या शेपटीवरचा एलिव्हेटर एक अंश हलवला तर विमानाचं नाक किती जोराने वर उचललं जाईल? याचं एकच एक उत्तर नाही. हवेची घनता तीच असताना वेग दुप्पट झाला, तर त्याच एका अंशाचा जोर ढोबळमानाने चौपट होतो. उंचावर हवा विरळ झाली की तो पुन्हा घटतो. इनपुटच्या मानाने आउटपुट किती मिळतं, त्या पटीला अभियंते ‘गेन’ म्हणतात. १९५०च्या दशकातल्या वेगवान विमानांचा गेन उड्डाणात इतका बदलायचा, की जमिनीवर एकदाच जुळवलेला ऑटोपायलट सगळीकडे पुरा पडत नसे.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीत व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली यावर एक तोडगा मांडला. विमान कसं वागायला हवं, याचं एक आदर्श मॉडेल ऑटोपायलटमध्येच चालू ठेवायचं. वैमानिकाचा हुकूम विमानाला आणि मॉडेलला एकाच वेळी द्यायचा. दोघांच्या आउटपुटमध्ये जो फरक पडेल, त्यावरून ऑटोपायलटने स्वतःला जुळवून घ्यायचं. मॉडेल संदर्भ अनुकूली नियंत्रण म्हणतात ते हेच.

जुळवायचं कसं, ते एका साध्या उदाहरणात पाहू. समजा, यंत्राचा गेन k आहे आणि तो आपल्याला माहीत नाही. मॉडेलचा गेन १ आहे. हुकूम यंत्रापर्यंत पोचण्याआधी आपण त्याला θ या आकड्याने गुणतो. θ हीच आपल्या हातातली कळ. k निम्म्यावर आला, तर θ दुप्पट व्हायला हवा. फरकाचा वर्ग कमी होईल त्या उताराच्या दिशेने θ सरकवत राहायचा, असं ठरवलं की हा नियम मिळतो:

dθ/dt = −γ · e · ym

इथे e म्हणजे यंत्राच्या आउटपुटमधून मॉडेलचं आउटपुट वजा करून उरलेला फरक, ym म्हणजे मॉडेलचं आउटपुट आणि γ म्हणजे जुळवणीचा वेग, जो आपण निवडतो. k किती हे कळण्याची गरज नाही. तो धन आहे की ऋण, एवढंच माहीत हवं. चिन्हच चुकलं तर θ उलट्या दिशेने पळत सुटतो.

आता आकडे घालू. γ = ०.१ ठेवला, स्थिर हुकूम १ दिला आणि गेन अचानक १ वरून ०.५ वर आला. यंत्राचं आउटपुट ०.५ पर्यंत उतरतं, म्हणजे e = −०.५, आणि θ सेकंदाला ०.०५ या वेगाने वाढू लागतो. वीस सेकंदांत तो सुमारे १.६ वर पोचतो, मिनिटाभरात १.९५ च्या आसपास. आउटपुट जवळजवळ पूर्ववत होतं.

अडचण हुकूम बदलला की समोर येते. हुकूम मोठा झाला तर e वाढतो आणि ym सुद्धा वाढतो, म्हणून जुळवणीचा वेग हुकमाच्या वर्गाच्या पटीत बदलतो. हुकूम ०.१ असेल, तर वीस सेकंदांच्या कामाला २,००० सेकंद लागतात. तेच यंत्र 1/(s²+s+1) अशा गतिमानतेचं असेल, तर γ, k आणि हुकमाचा वर्ग यांचा गुणाकार १ च्या खाली राहिला तरच सगळं स्थिर राहतं. हुकूम ५ दिला की हा गुणाकार १.२५ होतो. मग θ ठरायचं नाव घेत नाही. तो वरखाली झोके घेतो आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा असतो. बिघाड ओळखण्याची खूण हीच: लहान हुकमांना सुरळीत चालणारी प्रणाली मोठ्या हुकमाला डोलू लागते.

यावरचा व्यवहारी उपाय म्हणजे उजव्या बाजूला (α + ym²) ने भागणं. α हा लहानसा आकडा ym शून्य झाल्यावर भागाकार कोलमडू नये म्हणून ठेवायचा. α = ०.०१ घेतला, तर हुकूम १ असो वा ५, जुळवणीला सुमारे वीस सेकंदच लागतात, ०.१ ला चाळीस. पण हा भागाकार म्हणजे स्थिरतेची हमी नव्हे. पॅट्रिक पार्क्स यांनी १९६६ साली लियापुनोव्हच्या पद्धतीने असे नियम रचून दाखवले, ज्यांची स्थिरता काही वर्गांतल्या यंत्रांसाठी गणिताने सिद्ध करता येते.

सतत सरकणाऱ्या गेनसाठी आणखी एक मर्यादा आहे. आदर्श θ पुढे सरकत राहिला, तर आपला θ कायम थोडा मागे राहतो. जुळवणीला वीस सेकंद लागत असतील आणि आदर्श θ सेकंदाला ०.०१ ने वाढत असेल, तर ही तूट ०.२ ची. γ वाढवून ती कमी करता येते, पण तेवढंच डोलण्याचं संकट जवळ येतं. म्हणून γ ठरवताना नेहमीच्या हुकमावरची चाचणी पुरेशी मानू नये. प्रत्यक्षात येऊ शकेल तो सर्वांत मोठा हुकूम आणि सर्वांत मोठा गेन एकत्र धरूनच तो तपासावा.