जुन्या मृत्युपत्रास पुरवणी केव्हा जोडावी? ऐरोलीच्या एका शेताचा दाखला

ठाण्याच्या खाडीकाठी ऐरोली म्हणून जे गाव आहे, तेथे पूर्वी भाताची खाचरे होती. आज त्या ठिकाणी नवी मुंबईच्या इमारती उभ्या आहेत. शहर वसविण्यासाठी शासनाने १९७० पासून ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनास घेतल्या, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या सिडको मंडळाकडे हे काम सोपविले. पुढे जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात त्या लढ्यात पाच शेतकरी बळी पडले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के योजना आली. हा इतिहास आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु त्याचा एक परिणाम असा आहे की ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. जमीन गेली, भूखंड आला, पण घराच्या पेटीतील मृत्युपत्र मात्र जुन्या सर्व्हे नंबराचेच राहिले. अशा मृत्युपत्राचे काय करावे, ते फाडून नवे लिहावे की त्यास पुरवणी जोडावी, एवढाच प्रश्न आम्ही या लेखात घेत आहोत.

प्रथम पुरवणी म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत जिला कॉडिसिल म्हणतात, तिला आपल्याकडे पुरवणी मृत्युपत्र असे नाव आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याच्या दुसऱ्या कलमात तिची व्याख्या दिली आहे. मृत्युपत्रातील व्यवस्थेचा खुलासा करणारा, तीत फेरफार करणारा अगर तीत भर घालणारा जो लेख, तो कॉडिसिल होय. आणि तो मृत्युपत्राचाच भाग मानला जातो. म्हणजे पुरवणी हा स्वतंत्र दस्त नसून जुन्या मृत्युपत्राला शिवलेले एक ठिगळ आहे. माणसाच्या पश्चात दोन्ही कागद एकत्र वाचावयाचे असतात, व जेथे त्यांच्यात विरोध येईल तेथे नंतरचा कागद मानावयाचा असतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, ऐरोलीच्या एका शेतकऱ्याने १९७९ साली मृत्युपत्र केले. त्यात तीन गोष्टी होत्या. स्वतः खरेदी केलेले ४० गुंठ्यांचे भातशेत, त्याचा सर्व्हे नंबर देऊन, थोरल्या मुलास. गावठाणातील घर धाकट्यास. आणि ‘याखेरीज माझे जे काही निघेल ते’ मुलीस. पुढे शेत संपादनात गेले. साडेबारा टक्के योजनेप्रमाणे ४० गुंठ्यांस, म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटरांस, ५०६ चौरस मीटर होतात. पण सामाजिक सोयींसाठी त्यातून पावणेचार टक्के वजा होऊन हातात पावणेनऊ टक्के, म्हणजे सुमारे ३५४ चौरस मीटरांचा भूखंड येतो. असा भूखंड त्यास १९९८ साली मिळाला. मृत्युपत्र जसेच्या तसे पेटीत राहिले.

या गृहस्थाने पुढे काहीच न करता डोळे मिटले, तर भूखंड कोणाचा? थोरला म्हणेल, शेत मला दिले होते, भूखंड हे त्या शेताचेच रूप. मुलगी म्हणेल, शेत तर वडिलांच्या हयातीतच गेले. भूखंड ही निराळी मिळकत, आणि निराळे जे निघेल ते मला दिलेले आहे. येथे कायदा दोघांच्याही हाती काही ना काही देतो. कलम १५२ सांगते की, नेमकी दाखवून दिलेली वस्तू मृत्युसमयी मृत्युपत्रकर्त्याची राहिली नसेल, अगर तिचे रूपांतर निराळ्या जातीच्या मिळकतीत झाले असेल, तर ते दान लोप पावते. हे मुलीच्या बाजूचे. उलट कलम १६३ सांगते की, वस्तूत झालेला पालट कायद्याच्या अंमलाने झाला असेल, तर तेवढ्याने दान लोप पावत नाही. हे थोरल्याच्या बाजूचे. सक्तीने जमीन घेऊन नंतर योजनेखाली भूखंड दिला, हा पालट कोणत्या कलमात बसतो यावर दोन वकील दोन दिवस बोलू शकतील. भावाबहिणीने दिवाणी न्यायालयात वर्षे घालवावीत, असे त्या बापाच्या मनात कधीही नसणार. त्याच्या मनात काय होते ते फक्त तोच सांगू शकतो, आणि सांगण्याची वेळ तो जिवंत असेपर्यंतच आहे.

अशा प्रसंगी पुरवणी हेच योग्य साधन आहे, कारण वाटणीचा मूळ बेत बदललेला नाही, फक्त एका वस्तूचे वर्णन बदलले आहे. पुरवणीतील मजकूर साधारण असा असावा :

‘मी, अमुक, राहणार ऐरोली, हे पुरवणी मृत्युपत्र लिहून ठेवतो की, मी अमुक तारखेस मृत्युपत्र केले असून त्याचा दस्त क्रमांक अमुक आहे. त्यातील परिच्छेद ३ मध्ये मी अमुक सर्व्हे नंबरची ४० गुंठे जमीन माझ्या थोरल्या मुलास दिली आहे. ती जमीन शासनाने संपादित केली असून तिच्याबद्दल मला अमुक सेक्टरमधील अमुक क्रमांकाचा भूखंड मिळाला आहे. म्हणून परिच्छेद ३ ऐवजी असे वाचावे की, सदर भूखंडातील माझे सर्व हक्क, तसेच त्या जमिनीबद्दल पुढे येणारी वाढीव नुकसानभरपाई, माझ्या थोरल्या मुलास मिळावी. बाकीचे सर्व मृत्युपत्र मी कायम करतो.’

यात दोन शब्दयोजना मुद्दाम केल्या आहेत. ‘भूखंड’ न म्हणता ‘भूखंडातील माझे सर्व हक्क’ म्हटले, कारण सिडकोचे असे भूखंड भाडेपट्ट्याने दिलेले असतात, आणि आपल्याजवळ असतो तो पट्टेदाराचा हक्क. जे आपले आहे तेवढेच देता येते. दुसरे, शेवटचे वाक्य. पुष्कळ लोक छापील नमुन्यावरून ‘हे माझे शेवटचे मृत्युपत्र असून पूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत’ असे वाक्य पुरवणीतही उतरवितात. त्या एका वाक्याने जुने मृत्युपत्रच उडून जाते. मग भूखंडापुरती व्यवस्था उरते, आणि घरासाठी मृत्युपत्र केलेच नव्हते अशी स्थिती होऊन ते घर वारसा-कायद्याप्रमाणे सर्व वारसांत वाटले जाते. पुरवणीवर सही करण्यापूर्वी ‘रद्द’ हा शब्द तीत कोठे आहे काय, ते प्रत्येकाने शोधून पाहावे.

पुरवणी लहान असली तरी तिचा विधी मृत्युपत्राइतकाच पूर्ण असावा लागतो. कलम ६३ प्रमाणे करणाऱ्याने सही अगर अंगठा करावा, आणि निदान दोन साक्षीदारांनी, ती सही आपल्यादेखत झाली किंवा ती आपली असल्याचे त्याने आपणास सांगितले अशा रीतीने, त्याच्यासमक्ष आपापल्या सह्या कराव्यात. साक्षीदार जुनेच असण्याची गरज नाही. मात्र ज्यास लाभ मिळावयाचा तो साक्षीदार नसावा. संशयास जागा ठेवू नये. साक्षीदार वयाने लहान निवडावेत, कारण पुढे दस्त शाबीत करताना हयात साक्षीदारांपैकी निदान एकास न्यायालयात बोलवावे लागते. नोंदणी सक्तीची नाही व मुद्रांक शुल्कही लागत नाही. नोंदलेल्या मृत्युपत्रास बिननोंदणीची पुरवणीही कायद्याने चालते. तरीपण मूळ दस्त नोंदलेला असेल तर पुरवणीही दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी, असा आमचा आग्रह आहे. नाहीतर मूळ दस्ताची नक्कल काढणाऱ्यास पुरवणीचा पत्ताच लागत नाही.

येथे एका नित्याच्या चुकीचा उल्लेख केला पाहिजे. काही लोक पुरवणीही करीत नाहीत. जुना कागद काढून सर्व्हे नंबर खोडतात व वर भूखंडाचा क्रमांक लिहितात. कलम ७१ प्रमाणे असा फेरफार, तेथे करणाऱ्याची व साक्षीदारांची सही पूर्वीच्याच विधीने झाल्याखेरीज, निष्फळ आहे. खोडलेले अक्षर वाचता येत असेल तर जुनाच मजकूर खरा धरला जातो, आणि वर लिहिलेला क्रमांक वाया जातो.

आता नवे मृत्युपत्र केव्हा लिहावे? आमच्या मते कसोटी एकच आहे. बेत तोच असून तपशील बदलला असेल, तर पुरवणी. बेतच बदलला असेल, तर नवे मृत्युपत्र. नेमलेला व्यवस्थापक वारला, एखादे लहानसे दान वाढवावयाचे आहे, भूखंडाचा क्रमांक बदलला, ही पुरवणीची कामे होत. परंतु वरील शेतकऱ्यास भूखंड तिन्ही मुलांत सारखा वाटावा, किंवा भूखंडावर इमारत बांधून त्यातील गाळे निरनिराळ्या नावांनी द्यावेत असे वाटू लागले, तर ठिगळ पुरे पडत नाही. तसेच दोन पुरवण्या आधीच झाल्या असतील तर तिसरी न करता सर्व नव्याने लिहावे. तीन-चार कागद एकमेकांशी जुळवून वाचताना विरोध निघतोच. आणखी एक गोष्ट मनुष्यस्वभावाची आहे. पुरवणीने एखाद्याचा वाटा कमी केला, तर जुना कागद सर्वांसमोर येऊन पूर्वी त्यास काय मिळणार होते तेही उघड होते. हे टाळावयाचे असेल तर नवेच मृत्युपत्र बरे.

उलट एका प्रसंगी, बदल थोडा मोठा असला तरी, पुरवणीच अधिक सुरक्षित असते. मृत्युपत्र करताना मनुष्य धडधाकट होता, आणि आज तो ऐंशी वर्षांचा, आजारी, एकाच मुलाच्या आश्रयाने राहणारा आहे. आज संपूर्ण नवे मृत्युपत्र केले, तर ‘त्याची बुद्धी ठिकाणावर नव्हती’ असा आक्षेप सगळ्या व्यवस्थेवर येतो. पुरवणी केली तर आक्षेप त्या एका कलमापुरता राहतो; ती पडली तरी धडधाकटपणी केलेला मूळ दस्त उभा असतो. त्या दिवशीचा डॉक्टरचा दाखला जोडावा हे सांगणे नकोच.

याच कारणास्तव, नवे मृत्युपत्र केले तरी जुने घाईने फाडू नये. नवे मृत्युपत्र साक्षीदारांच्या सह्यांतील दोषामुळे पडले, तर त्यातील जुने रद्द करण्याचे वाक्यही त्याबरोबरच पडते, आणि जुने मृत्युपत्र कामास येते. पण रद्द करण्याच्या हेतूने करणाऱ्याने ते स्वतः फाडले असेल, तर नवेही गेले आणि जुनेही गेले, अशी गत होते. आणि ज्याने पुरवणी केली त्याने तर मूळ मृत्युपत्र व पुरवणी एकाच पाकिटात ठेवून, प्रत्येकावर दुसऱ्याची तारीख लिहून ठेवावी.

ऐरोलीप्रमाणेच ज्या ज्या गावी रस्ता, कालवा, धरण अगर शहर यांसाठी जमिनी गेल्या आहेत, तेथील आमच्या वाचकांनी आपले मृत्युपत्र काढून त्यातील सर्व्हे नंबर आजच्या सातबारा उताऱ्याशी ताडून पाहावेत. जो नंबर आज आपल्या नावावर उरला नाही, तेथे पुरवणीची जागा आहे असे समजावे.