एका यंत्राच्या दोन किमती

कारखानदारीतल्या जवळपास कुठल्याही कंपनीचा ताळेबंद उघडला, तर देण्यांच्या बाजूला ‘स्थगित कर’ अशी एक ओळ सापडते. सीए मंडळी तिला डेफर्ड टॅक्स लायबिलिटी किंवा नुसतंच डीटीएल म्हणतात. हे देणं जरा विचित्र आहे. त्याची नोटीस आयकर खात्याने पाठवलेली नसते, त्याला व्याज नसतं आणि भरण्याची तारीखही नसते. तरी ते मांडावं लागतं. बहुतेक वेळा त्यामागे एकच कारण असतं: कारखान्यातलं यंत्र कंपनीच्या हिशेबात एका वेगाने जुनं होतं आणि आयकराच्या हिशेबात दुसऱ्या.

कंपनीच्या हिशेबातला वेग 2013 च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टावरून ठरतो. साधारण यंत्रसामग्रीचं उपयुक्त आयुष्य तिथे 15 वर्षं धरलं आहे, आणि शेवटी मूळ किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत भंगारमूल्य उरेल असं मानलं जातं. बहुतेक कंपन्या सरळ रेषेची पद्धत वापरतात, म्हणजे दरवर्षी सारखाच घसारा. आयकराचा हिशेब वेगळा आहे. तिथे यंत्रसामग्रीला सर्वसाधारणपणे 15 टक्के घसारा मिळतो, पण तो मूळ किमतीवर नाही, दरवर्षी उरलेल्या किमतीवर. त्यामुळे सुरुवातीला वजावट भरपूर मिळते आणि पुढे ती आटत जाते. सरकारने हे जाणूनबुजून केलं आहे. गुंतवणूक करणाऱ्याच्या हातात पहिल्या वर्षांत पैसा राहावा असा त्यामागचा विचार.

आता प्रत्यक्ष आकडे. समजा, चाकणच्या एका काल्पनिक कंपनीने एप्रिलमध्ये 1 कोटी 20 लाखांचा प्लांट बसवला आणि लगेच चालू केला. पुस्तकात 6 लाख भंगारमूल्य बाजूला ठेवून उरलेले 114 लाख 15 वर्षांत वाटले, की वर्षाचा घसारा येतो 7.60 लाख. आयकरात पहिल्या वर्षी 120 लाखांवर 15 टक्के, म्हणजे 18 लाख. घसारा वजा करण्याआधीचा नफा 60 लाख आहे असं धरू, आणि बाकी सगळं दोन्हीकडे सारखंच. मग पुस्तकी नफा 52.40 लाख आणि करपात्र उत्पन्न 42 लाख.

कंपनीने 115बीएए कलमाचा सवलतीचा दर निवडलेला आहे. 22 टक्के कर, त्यावर 10 टक्के अधिभार आणि एकूण रकमेवर 4 टक्के उपकर, असा हा दर 25.168 टक्के होतो. (जुन्या दरात राहिलेल्या उत्पादक कंपनीला नव्या यंत्रावर पहिल्या वर्षी आणखी 20 टक्के जादा घसारा मिळतो आणि हे सगळं अंतर अधिकच वाढतं. सवलतीचा दर घेणाऱ्याला ते दार बंद.) 42 लाखांवर कर झाला 10.57 लाख. एवढाच कर खर्चात दाखवला, तर 52.40 लाखांच्या नफ्यावर जेमतेम 20 टक्के कर बसल्यासारखं दिसेल. भागधारक खूश होतील, पण ती खुशी उधारीची आहे. आज 10.40 लाखांची जास्तीची वजावट घेतली म्हणजे ती पुढच्या वर्षांत मिळणार नाही. तिच्यावरचा कर माफ झालेला नाही, फक्त पुढे ढकलला गेला आहे. 10.40 लाखांच्या 25.168 टक्के म्हणजे 2.62 लाख. हीच पहिल्या वर्षाची स्थगित कराची नोंद: नफा-तोटा पत्रकात खर्च आणि ताळेबंदात देणं. एकूण करखर्च 13.19 लाख झाला, आणि तो बरोबर 52.40 लाखांच्या 25.168 टक्के आहे. हा ताळा महत्त्वाचा आहे. करखर्चाला पुस्तकी नफ्याने भागल्यावर कायद्यातला दर आला नाही, तर एक तर दंड किंवा सीएसआरसारखा कधीच वजावट न मिळणारा खर्च मध्ये आहे, नाहीतर हिशेबात कुठेतरी चूक आहे.

पुढच्या वर्षांसाठी पुष्कळ लोक दोन घसाऱ्यांतला फरक काढून दरवर्षी नोंद करत जातात. उत्तर येतं, पण ही वाट घसरडी आहे. चांगला हिशेबनीस घसारा बाजूला ठेवतो आणि वर्षअखेरीच्या शिलका बघतो: पुस्तकात यंत्राची किंमत किती उरली, आयकरात किती उरली, आणि त्यांच्यातलं अंतर किती. त्या अंतरावर कर लावला की ताळेबंदात उभं राहायला हवं ते देणं मिळतं. त्यातून मागच्या वर्षीचं देणं वजा केलं की या वर्षाची नोंद आपोआप निघते. मागे एखादी चूक राहिली असेल, तर ती इथे उघडी पडते. नुसत्या फरकांच्या बेरजेत ती वर्षानुवर्षं दडून राहू शकते.

आपल्या प्लांटच्या बाबतीत तिसऱ्या वर्षाअखेर पुस्तकात 97.20 लाख आणि आयकरात 73.70 लाख उरतात. अंतर 23.50 लाखांचं, देणं 5.92 लाखांचं. अंतर वाढत राहतं, पण दरवर्षी थोडं कमी वेगाने, कारण आयकराचा घसारा आटत चाललेला असतो. सहाव्या वर्षी तो 7.99 लाखांवर येतो, म्हणजे पुस्तकी घसाऱ्याच्या अगदी जवळ. त्या वर्षाअखेर देणं 7.33 लाखांच्या शिखरावर पोचतं. सातव्या वर्षी आयकराचा घसारा 6.79 लाखच मिळतो आणि चाक उलटं फिरू लागतं. त्या वर्षी करपात्र उत्पन्न 53.21 लाख आणि प्रत्यक्ष कर 13.39 लाख येतो, पण साठवलेल्या देण्यातून 20 हजार मोकळे होतात आणि करखर्च पुन्हा तोच, 13.19 लाख. दोन्ही घसारे वेगवेगळे वागले तरी नफ्याच्या प्रमाणातला करखर्च स्थिर राहतो, हेच या हिशेबाचं काम.

गंमत शेवटी आहे. चौदाव्या वर्षाअखेर पुस्तकात 13.60 लाख आणि आयकरात 12.33 लाख उरतात, म्हणजे थोडं देणं अजून शिल्लक. पंधराव्या वर्षाअखेर पुस्तकात 6 लाखच राहतात, आयकरात मात्र 10.48 लाख. उरलेल्या किमतीवर टक्केवारी लावण्याच्या पद्धतीत किंमत कधी शून्याला पोचतच नाही. आता देण्याचं येणं झालं: 4.48 लाखांची वजावट अजून मिळायची आहे, आणि तिच्यावरचा 1.13 लाखांचा कर वाचणार आहे. तो कर वाचण्याइतका नफा पुढे होईल याची खात्री असेल, तरच हे येणं ताळेबंदात घेता येतं. देण्याला अशी अट नाही.

हा प्लांट एकटा पाहिला, तर देणं वाढतं, थांबतं आणि उतरतं. पण दर वर्षा-दोन वर्षांनी नवं यंत्र घेणाऱ्या कंपनीत जुन्या यंत्राचं उतरणारं देणं नव्याच्या वाढत्या देण्याखाली दबून जातं आणि एकूण आकडा वर्षानुवर्षं चढताच राहतो. म्हणून शेअर विश्लेषकांपैकी काही जण या रकमेला खरं कर्ज मानत नाहीत. त्यांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. बारा-चौदा वर्षांनी फिटणाऱ्या रकमेला आजच्या मूल्यात उतरवण्याची मुभा लेखामानकांत नाही, त्यामुळे देणं खऱ्यापेक्षा जड दिसतं हे मान्य. पण कंपनीने नवी खरेदी थांबवली की तोच आकडा कराच्या चलनात दिसू लागतो, आणि खरेदी बहुधा धंदा मंदावल्यावरच थांबते.

देण्याचा आकडा आणखी एका कारणाने एका दिवसात हलू शकतो. 20 सप्टेंबर 2019 रोजी अध्यादेशाने सवलतीचा दर आला, तेव्हा मोठ्या कंपन्यांचा दर 34.944 टक्क्यांवरून 25.168 वर येऊ शकत होता. आपल्यासारखं 23.50 लाखांचं अंतर असलेल्या अशा कंपनीचं देणं जुन्या दराने 8.21 लाख, नव्या दराने 5.92 लाख. तो निर्णय घेतल्याबरोबर 2.30 लाखांचा ‘नफा’ झाला, एक रुपयाही हातात न येता. ज्यांच्या ताळेबंदात स्थगित कराचं येणं होतं, त्यांना त्याच कारणाने तोटा दाखवावा लागला.

प्रत्यक्ष कामात सर्वांत जास्त गोंधळ यंत्र विकल्यावर होतो. पुस्तकात प्रत्येक यंत्राचं स्वतंत्र खातं असतं. आयकरात तसं नसतं. एकाच दराची सगळी यंत्रं मिळून एक गट, ज्याला सगळे ब्लॉक म्हणतात. समजा, पाचव्या वर्षानंतर एप्रिलच्या सुरुवातीला आपण हा प्लांट 70 लाखांना विकला. पुस्तकात त्याची किंमत 82 लाख होती, म्हणून 12 लाखांचा तोटा. आयकरात त्याचा हिस्सा 53.24 लाखांचा, आणि देणं 7.24 लाखांचं. यंत्र गेलं म्हणून हिशेबनीस ही सगळी 7.24 लाखांची रक्कम काढून टाकतो आणि मोकळा होतो.

गटात हा एकच प्लांट असता, तर ते बरोबर ठरलं असतं. विक्रीची रक्कम 53.24 लाखांपेक्षा जास्त असल्याने 16.76 लाखांचा अल्पकालीन भांडवली नफा त्याच वर्षी करपात्र झाला असता आणि सगळं अंतर एका फटक्यात मिटलं असतं. पण गटात दुसरी, पुरेशी किमतीची यंत्रं असतील, तर करपात्र नफा निघतच नाही. 70 लाख गटाच्या शिलकेतून वजा होतात आणि उरलेल्यावर घसारा चालू राहतो. पुस्तकातून 82 लाख गेले आणि आयकरातून 70 लाख, म्हणजे अंतर फक्त 12 लाखांनी घटलं. 16.76 लाखांचं अंतर आणि त्यावरचं 4.22 लाखांचं देणं तसंच उभं आहे, जरी ज्या यंत्रामुळे ते जन्मलं ते आता दुसऱ्याच्या शेडमध्ये चालत असलं तरी. यंत्रवार तक्ता ठेवणाऱ्याला ते कधीच सापडत नाही. पूर्ण गटाची पुस्तकी शिल्लक आणि कर-अंकेक्षण अहवालातल्या घसाऱ्याच्या तक्त्यातली शिल्लक शेजारी-शेजारी मांडली, की पहिल्याच नजरेत दिसतं.

त्याच तक्त्यात दुसरीही एक नेहमीची चूक पकडली जाते. यंत्र वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरलं, तर आयकरात निम्माच दर मिळतो. ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्यावर चालू झालेल्या यंत्राला त्या वर्षी साडेसात टक्के. दिवस मोजायचे ते बिलाच्या तारखेपासून नाहीत, प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यापासून. आपला प्लांट एप्रिलऐवजी 1 नोव्हेंबरला चालू झाला असता, तर आयकराचा घसारा 9 लाख, पुस्तकात पाच महिन्यांचे 3.17 लाख आणि देणं 1.47 लाख आलं असतं. सप्टेंबरचं बिल बघून पूर्ण 18 लाख धरले, तर वर्षअखेरीला तेच देणं 3.73 लाख दिसतं, आणि आयकराच्या विवरणपत्रातली शिल्लक त्याला दुजोरा देत नाही.