पीडीएफमधील ठरावीक आयतातील मजकूर काढणे

पीडीएफमधील ठरावीक आयतातील मजकूर काढणे ही संगणकीय दस्तऐवजांतून माहिती वेगळी करण्याची एक पद्धत आहे. पीडीएफ संचिकेच्या प्रत्येक पानावर एकाच जागी असलेला आयताकृती भाग निर्देशकांच्या साहाय्याने ठरवला जातो आणि केवळ त्या भागात पडणारी अक्षरे मजकूर म्हणून बाहेर काढली जातात. गुणपत्रके, वेतनपत्रके, वीजदेयके अशा एकाच नमुन्यावर छापलेल्या व अनेक पानांच्या संचिकांसाठी ही पद्धत उपयोगी पडते. आयत मजकुराचा अर्थ पाहत नाही, फक्त जागा पाहतो. त्यामुळे एखाद्या पानावर मजकूर सरकला, तर चुकीची सूचना न मिळता दुसराच मजकूर हाती येतो. या कारणाने मजकूर काढण्याइतकीच त्याची पडताळणीही या पद्धतीचा आवश्यक भाग ठरते.

## पानावरील निर्देशक

पीडीएफ हे स्वरूप अडोबी या कंपनीने १९९३ साली प्रसिद्ध केले आणि २००८ साली ते आयएसओ ३२००० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाले. या स्वरूपात परिच्छेद किंवा तक्ता यांची नोंद असणे बंधनकारक नाही. कोणते अक्षरचिन्ह पानावर कोणत्या ठिकाणी उमटवायचे, एवढीच माहिती बहुधा साठवलेली असते. निर्देशकांनी मजकूर निवडणे शक्य होते ते यामुळेच.

अंतराचे मूळ एकक पॉइंट हे असून एका इंचात ७२ पॉइंट असतात. म्हणजे एक मिलिमीटर सुमारे २.८३५ पॉइंटांएवढा होतो. ए४ आकाराचे उभे पान साधारणपणे ५९५ पॉइंट रुंद व ८४२ पॉइंट उंच असते.

पीडीएफच्या मानकानुसार आरंभबिंदू सामान्यतः पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि उभे अंतर खालून वर मोजले जाते. शालेय निर्देशक भूमितीतील पहिल्या चरणासारखीच ही रचना आहे. मजकूर काढणारी बरीच साधने मात्र आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात मानून अंतर वरून खाली मोजतात. पॉप्लर या मुक्त संचातील `pdftotext`, तसेच पायथन भाषेतील `pymupdf` व `pdfplumber` ही साधने दुसऱ्या प्रकारची आहेत. एका रीतीचे अंतर दुसऱ्या रीतीत आणण्यासाठी ते पानाच्या उंचीतून वजा करावे लागते.

## एक उदाहरण

एका परीक्षेची २४० गुणपत्रके एकाच पीडीएफ संचिकेत असून प्रत्येक पानावर एका विद्यार्थ्याचे गुणपत्रक आहे, असे समजू. विषय सहा, प्रत्येकी १०० गुणांचे. एकूण गुणांचा रकाना विषयांच्या तक्त्याखाली आहे. प्रत्येक पानावरील एकूण गुण वेगळे काढायचे आहेत.

प्रथम सर्व पाने एकाच आकाराची आहेत की नाहीत हे पाहिले जाते. पुढील आज्ञा प्रत्येक पानाची लांबीरुंदी आणि ते किती अंशांत फिरवलेले आहे, हे दाखवते:

```
pdfinfo -f 1 -l 240 nikal.pdf
```

एखादे पान वेगळ्या आकाराचे असेल किंवा ९० अंशांत फिरवलेले असेल, तर त्यासाठी वेगळा आयत ठरवावा लागतो. फिरवलेल्या पानांवर काही साधने फिरवण्यापूर्वीचे निर्देशक वापरतात, तर काही नंतरचे. त्यामुळे अशी पाने आधीच बाजूला काढणे सोयीचे ठरते.

त्यानंतर आयताचे मोजमाप घेतले जाते. पान मूळ आकारात छापून पट्टीने मोजले असता रकान्याची डावी कड पानाच्या डाव्या कडेपासून १३० मिलिमीटरवर, वरची कड पानाच्या वरच्या कडेपासून २०५ मिलिमीटरवर, रुंदी ४० मिलिमीटर आणि उंची १० मिलिमीटर भरली, असे धरू. पॉइंटांमध्ये ही मापे अनुक्रमे ३६८.५, ५८१.१, ११३.४ आणि २८.३ होतात. पूर्णांक घेताना आयत किंचित मोठा राहील असे पाहतात. त्यानुसार डावी कड ३६८, वरची कड ५८१, रुंदी ११४ व उंची २९ येते. छापताना पान कागदाच्या आकारात बसवण्याचा पर्याय चालू असेल, तर छपाई लहान-मोठी होते आणि पट्टीचे माप चुकते. म्हणून संगणकाकडूनही ते तपासून घेतात:

```
pdftotext -f 1 -l 1 -bbox nikal.pdf pahile.html
```

या आज्ञेने तयार होणाऱ्या संचिकेत पहिल्या पानावरील प्रत्येक शब्दासोबत त्याच्या चारही कडांचे निर्देशक लिहिलेले असतात. एकूण गुणांचा आकडा शोधून त्याच्या कडा ठरवलेल्या आयताच्या आत आहेत ना, हे पाहता येते. नंतर सर्व पानांवर तोच आयत लावला जातो:

```
pdftotext -r 72 -x 368 -y 581 -W 114 -H 29 -layout nikal.pdf ekun.txt
```

येथे `-r 72` याचा अर्थ एका इंचात ७२ भाग मानले आहेत, म्हणजेच मापे पॉइंटांत आहेत. `-r 150` लिहिल्यास तीच मापे १५०/७२ या प्रमाणात वाढवावी लागतात. मिळणाऱ्या मजकुरात प्रत्येक पानानंतर पानबदलाचे एक अदृश्य चिन्ह येते, त्यावरून कोणता आकडा कोणत्या पानाचा हे कळते. पानाचा क्रमांक सोबत हवा असल्यास पायथनमधील पुढील आज्ञावली वापरता येते. तिच्यात रुंदी व उंची न देता आयताच्या उजव्या व खालच्या कडांचे निर्देशक द्यावे लागतात:

```
import pymupdf

ayat = pymupdf.Rect(368, 581, 482, 610)
for n, pan in enumerate(pymupdf.open("nikal.pdf"), start=1):
    print(n, pan.get_text("text", clip=ayat).split())
```

## होणाऱ्या चुका

सर्वांत ठळक चूक आरंभबिंदूची असते. वरील उदाहरणातील ५८१ ते ६१० ही अंतरे वरून मोजलेली आहेत. ती खालून मोजली असे मानणाऱ्या साधनाला दिली, तर आयत पानाच्या वरच्या कडेपासून २३२ ते २६१ पॉइंटांवर, म्हणजे सुमारे ८२ ते ९२ मिलिमीटरवर जातो. त्या जागी विषयांचा तक्ता असेल, तर एकूण गुणांऐवजी एखाद्या विषयाचे गुण मिळतात. ही चूक सर्व पानांवर सारखीच होत असल्याने पहिली दोन-तीन पाने डोळ्यांनी ताडून पाहिली तरी लक्षात येते.

काही मोजक्याच पानांवर होणारी चूक अधिक फसवी असते. एखाद्या विद्यार्थ्याचे नाव लांब असल्याने ते दोन ओळींत छापले गेले आणि त्याखालचा सर्व तक्ता १८ पॉइंटांनी, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरने खाली सरकला, असे समजू. आयत मात्र जागचा हलत नाही. एकूण गुणांचा आकडा त्याच्या खालच्या कडेबाहेर जातो आणि वरच्या ओळीतील शेवटच्या विषयाचे गुण आत येतात. त्या पानापुरते ४१२ ऐवजी ७४ असे उत्तर मिळते. ७४ ही संख्याच असल्याने आज्ञावलीला त्यात काही वावगे दिसत नाही. एखादा विद्यार्थी ६०० पैकी ७४ गुण मिळवू शकतो, त्यामुळे संख्या ० ते ६०० च्या दरम्यान आहे का, ही तपासणीही येथे निरुपयोगी ठरते. अशी यादी पुढे वापरली गेली, तर उत्तीर्ण विद्यार्थी अनुत्तीर्णांत मोजला जातो.

कडेवर पडणाऱ्या अक्षरांबाबत साधनांचे नियम भिन्न आहेत. `pdfplumber` मध्ये `crop` ही क्रिया आयताला स्पर्श करणारी अक्षरेही घेते, तर `within_bbox` ही क्रिया पूर्णपणे आत असलेलीच अक्षरे घेते. आयत डावीकडून तोकडा असेल, तर दुसऱ्या रीतीत ४१२ चे १२ होऊ शकतात. शिवाय साधने अक्षराची उंची बहुधा शाईच्या खुणेवरून न धरता टंकाच्या ठरावीक उंचीवरून धरतात. डोळ्यांना दोन ओळींत मोकळी जागा दिसत असली, तरी त्यांच्या मोजलेल्या चौकटी एकमेकींना लागून असू शकतात. या कारणाने आयत रकान्याच्या कडांपर्यंत रुंद, पण उंचीने शेजारच्या ओळींपासून दूर ठेवला जातो.

## पडताळणी

पहिली तपासणी संख्येची असते. २४० पानांतून २४० नोंदी मिळाल्या पाहिजेत आणि प्रत्येक नोंदीत एकच आकडा असला पाहिजे. रिकामी किंवा दोन आकड्यांची नोंद असलेले पान उघडून पाहिले जाते.

दुसरी तपासणी जागेची असते. रकान्याच्या डावीकडे छापलेल्या ‘एकूण गुण’ या शब्दांभोवती, त्याच उंचीवर, दुसरा आयत आखला जातो. ज्या पानावर त्यात हे शब्द मिळत नाहीत, त्या पानावरील तक्ता सरकलेला आहे असे समजतात. लांब नावाच्या विद्यार्थ्याचे पान या तपासणीत सापडते, कारण तेथे ‘एकूण गुण’ या शब्दांच्या जागी शेवटच्या विषयाचे नाव येते.

तिसरी तपासणी पानावरील इतर माहितीशी ताडून पाहण्याची असते. सहा विषयांच्या गुणांसाठी वेगळा आयत ठरवून त्यांची बेरीज एकूण गुणांशी जुळवली जाते. गुणपत्रकावर एकूण गुण अक्षरीही दिलेले असतील, तर आकडा आणि अक्षरे यांची तुलना करता येते. कागदावरील खाडाखोड ओळखण्यासाठी ठेवलेली ही जुनी सोय येथे आयताची चूक पकडण्यासाठी कामी येते.

पाने वारंवार सरकत असतील, तर स्थिर आयताऐवजी ‘एकूण गुण’ हे शब्द प्रत्येक पानावर शोधून त्यांच्या निर्देशकांवरून आयत ठरवणे अधिक विश्वासार्ह ठरते.

## मर्यादा

कागद स्कॅन करून बनवलेल्या पीडीएफमध्ये पान म्हणजे केवळ चित्र असते. त्यात अक्षरे नोंदलेली नसल्यास आयत अचूक असूनही उत्तर रिकामे येते. `pdffonts` या आज्ञेने एकही टंक दाखवला नाही, तर संचिका बहुधा या प्रकारची असते. अशा वेळी चित्रातून अक्षरे ओळखणारी वेगळी प्रणाली आधी वापरावी लागते.

मराठी मजकुराच्या बाबतीत टंकांची अडचण येते. युनिकोडपूर्व पद्धतीच्या कृतिदेवसारख्या टंकांत पानावर देवनागरी दिसत असली, तरी आत रोमन अक्षरांचे संकेतांक साठवलेले असतात. त्यामुळे योग्य जागेवरून काढलेला मजकूरही निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात मिळतो आणि तो युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. युनिकोड टंकांतही ऱ्हस्व इकाराचे चिन्ह व्यंजनाच्या आधी उमटत असल्याने, तसेच जोडाक्षरांची चिन्हे मूळ वर्णांशी नीट जोडलेली नसल्यास, काढलेल्या शब्दांत वर्णांचा क्रम बिघडतो. आयत बदलून हा दोष जात नाही. आकड्यांमध्ये मात्रा व जोडाक्षरे नसल्याने ते या क्रमबिघाडापासून सहसा मुक्त असतात, पण नावांचे रकाने मूळ पानाशी ताडूनच स्वीकारावे लागतात.