वजन गुणिले वीस

जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळाला आलेली आकडी मोठ्या माणसाच्या फिटसारखी दिसत नाही. हातपाय आपटणं नाही, तोंडाला फेस नाही. बाळ एकाच बाजूला टक लावून राहतं, ओठ चोखल्यासारखे करतं, सायकल चालवावी तसे पाय हलवतं, नाहीतर एकच हात ठरावीक तालात उडत राहतो. कधी तर नुसता श्वास थांबतो. भेटायला आलेल्यांना वाटतं, बाळ झोपेत खेळतंय. भूक, थंडी किंवा दचकण्यामुळे येणारी साधी थरथर हातपाय हळूच धरले की थांबते. आकडीचा ताल मात्र धरलेल्या हातालाही जाणवत राहतो. सिस्टर बाळाचा हात मुठीत धरून काही क्षण गप्प उभ्या राहतात, त्या हेच तपासत असतात.

एक उदाहरण घेऊ. बाळंतपण लांबलं, बाळ उशिरा रडलं, मेंदूला काही काळ ऑक्सिजन कमी पडला. वजन २ किलो ८०० ग्रॅम. जन्मून अठरा तास झाले आणि डावा हात उडायला लागला. जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, लगेच आकडीचं इंजेक्शन भरत नाहीत. आधी श्वास आणि ऑक्सिजन पाहतात. मग टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर मोजतात. ती ४५ च्या खाली असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज, किलोमागे २ मिलिलिटर, शिरेतून देतात. कॅल्शियम कमी असण्याची शंका असेल तर तेही हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून सावकाश दिलं जातं. साखर घसरल्यामुळे आलेली आकडी साखरेनेच थांबते. तिथे झटक्यांचं औषध देऊन फक्त वेळ जातो. आपल्या या बाळाची साखर ठीक आहे आणि हात उडायचा थांबलेला नाही. आता फेनोबार्बिटोनची पाळी.

हे औषध शंभर वर्षांहून जुनं आहे. १९१२ मध्ये आल्फ्रेड हाउप्टमन या तरुण जर्मन डॉक्टरने झोपेसाठी ते रुग्णांना दिलं आणि झोपेबरोबर त्यांच्या फिट्सही कमी झाल्याचं त्याच्या लक्षात आलं. त्यानंतर कितीतरी नवी औषधं आली, तरी नवजात बाळासाठी पहिली पसंती अजून यालाच आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत त्याची लेव्हेटिरासिटॅम या नव्या औषधाशी थेट तुलना झाली. फेनोबार्बिटोन दिलेल्या बाळांपैकी ८० टक्के बाळांच्या आकड्या चोवीस तास थांबल्या, नव्या औषधाच्या गटात २८ टक्के बाळांच्या. दुष्परिणाम मात्र जुन्या औषधाच्या गटात जास्त दिसले.

पहिला डोस किलोमागे २० मिलिग्रॅम. २.८ गुणिले २० म्हणजे ५६ मिलिग्रॅम. आपल्याकडे हे इंजेक्शन साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम अशा ताकदीचं मिळतं, म्हणजे या बाळाला लागणारा डोस भरतो ०.२८ मिलिलिटर. इतकं थोडं औषध सिरिंजमध्ये मोजताना दशांश चिन्ह एक घर सरकलं तर दहापट डोस जातो. म्हणून १ मिलिलिटर औषधात ९ मिलिलिटर सलाइन मिसळून ते पातळ करतात. आता दर मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम आहेत, आणि गंमत अशी की बाळाचं वजन जितके किलो, तितकेच मिलिलिटर औषध लागतं. २.८ किलो, २.८ मिलिलिटर. सिरिंजमधला आकडा आणि केसपेपरवरचं वजन जुळत नसेल तर चूक कुठेतरी झालीच आहे, हे रात्री तीन वाजता पेंगुळलेल्या डोळ्यांनाही दिसतं. वजनही शक्यतो जन्माचंच धरतात. पहिल्या आठवड्यात बाळ थोडं उतरतं, पण औषधाचं गणित रोज बदलायचं नसतं.

हे २.८ मिलिलिटर सिरिंज पंपाला लावून वीस मिनिटांत सोडायचे, मिनिटाला किलोमागे १ मिलिग्रॅम या वेगाने. घाई केली तर दोन गोष्टी होतात: रक्तदाब घसरतो आणि श्वास मंदावतो. औषध मेंदूच्या पेशींना शांत करतं, आणि श्वासाचं केंद्रही मेंदूतच आहे. आकडी शांत होते त्याच वाटेने श्वासही शांत होऊ लागतो. म्हणून सुई टोचण्याआधी योग्य मापाचा मास्क, अंबू बॅग आणि सक्शन हाताशी आणि चालू स्थितीत आहे ना, हे पाहावं लागतं. फेनोबार्बिटोनवर उतारा असं औषध नाही. ते जास्त झालं तर बाळाचा श्वास बाहेरून चालवायचा आणि शरीराने औषध बाहेर टाकेपर्यंत थांबायचं, एवढाच उपाय.

श्वासावर लक्ष म्हणजे नेमकं काय? बाळाच्या पायाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरवर बहुतेकांची नजर खिळते. तो लागतोच, पण तो उशिरा सांगतो. बाळाला नाकातून ऑक्सिजन चालू असेल तर श्वास उथळ झाला तरी आकडा बराच वेळ ९४-९५ वरच राहू शकतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. त्यामुळे कपडा बाजूला करून छातीकडे पाहावं लागतं. पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. नवजात बाळ मिनिटाला ४० ते ६० श्वास घेतं, तेही अनियमित. पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू होणं नेहमीचंच. थांबा २० सेकंदांपलीकडे गेला, किंवा त्याहून लहान थांब्यात हृदयाचे ठोके १०० च्या खाली आले, ओठ निळे पडले, तर तो धोका. आधी तळव्याला चोळून बाळाला जागं करून पाहतात. तेवढ्याने श्वास परतला नाही तर बॅग-मास्क. मोजणी नुसत्या वीस मिनिटांपुरती नसते. डोस संपल्यावरही काही तास दर थोड्या वेळाने चार्टवर श्वास, ठोके, ऑक्सिजन आणि रक्तदाब लिहिले जातात. त्याच दिवशी मिडाझोलामसारखं दुसरं शामक देण्याची वेळ आली तर पहारा आणखी कडक होतो, कारण दोन्ही औषधं मिळून श्वास थांबवण्याची शक्यता बरीच वाढते.

यात एक पेच आहे. श्वास थांबला तो औषधामुळे की आकडीमुळे? आकडीतल्या थांब्यात सुरुवातीला ठोके बहुधा मंदावत नाहीत, उलट वाढलेले असू शकतात, आणि डोळे एका जागी खिळतात. औषधाच्या गुंगीत बाळ सैल पडलेलं असतं. अर्थात ही ढोबळ खूण झाली. खात्री ईईजीनेच होते. ईईजीची गरज दुसऱ्या कारणानेही आहे. फेनोबार्बिटोननंतर हात उडायचा थांबतो, पण मेंदूतला विद्युत झटका चालूच राहतो, असं बऱ्याच बाळांत दिसतं. बाहेरून शांत दिसणारं बाळ आतून शांत असेलच असं नाही. जिथे ईईजी नाही तिथे डॉक्टर डोळ्यांवरच विसंबतात, आणि ही मर्यादा त्यांना ठाऊक असते.

आपल्या बाळाचा हात पहिल्या डोसनंतर मंदावला, पण अर्ध्या तासाने पुन्हा उडू लागला. मग किलोमागे १० मिलिग्रॅमचा आणखी एक डोस: २८ मिलिग्रॅम, त्याच पातळ केलेल्या औषधाचे १.४ मिलिलिटर. असं करत एकूण ४० पर्यंत जाता येतं. त्यापुढे याच औषधावर अडून न राहता दुसरं औषध घेतात. आपल्या बाळाची आकडी या दुसऱ्या डोसवर थांबली.

आता रोजचा डोस. तो किलोमागे दिवसाला ३ ते ५ मिलिग्रॅमच का, असा प्रश्न आईवडिलांना पडतो. काल तीस दिले आणि आज एवढेसे? नवजात बाळाचं यकृत हे औषध फार सावकाश मोडतं. पहिल्या आठवड्यात रक्तातलं औषध निम्मं व्हायला चार-पाच दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. रांजण एकदा भरून ठेवला की रोज पाझरतं तेवढंच पाणी वरून ओतायचं, तसा हा हिशेब. किलोमागे २० मिलिग्रॅमने रक्तात लिटरमागे साधारण २० मिलिग्रॅम पातळी येते. ती २० ते ४० मध्ये ठेवायची असते, आणि त्यातलं दिवसाला सातव्या भागाच्या आसपास बाहेर पडतं. म्हणून रोजचा डोस तीनपासून. सुरुवातही पहिल्या डोसनंतर १२ ते २४ तासांनी होते. आपल्या बाळाला ५ च्या हिशेबाने दिवसाला १४ मिलिग्रॅम, सात-सातचे दोन भाग करून.

चूक होते ती इथे. गुदमरलेल्या बाळाचं यकृत आणि मूत्रपिंडही मार खाल्लेली असतात, औषध आणखी हळू बाहेर पडतं, आणि रोजचे छोटे डोस साठत जातात. आकड्या थांबलेल्या असतात, सगळे निर्धास्त झालेले असतात, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी आजी विचारते, “सिस्टर, हे दूध का ओढत नाही हो? उठवलं तरी उठत नाही.” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ही गुंगी मेंदूला झालेल्या इजेची असेल, जंतुसंसर्गाची असेल किंवा साठलेल्या औषधाची. पुढच्या डोसच्या आधी रक्त घेऊन पातळी तपासली तर कळतं. पातळी ५० च्या वर गेली असेल तर डोस थांबवतात किंवा कमी करतात, आणि श्वासाचं मॉनिटर पुन्हा लावतात. जिथे ही तपासणी होत नाही, तिथे बाळाची जाग, चोखणं आणि श्वास यांवरूनच अंदाज घ्यावा लागतो.

औषध किती दिवस द्यायचं, याबाबत मत बदललं आहे. पूर्वी बाळाला महिनोन्महिने सिरप देऊन घरी पाठवत. प्राण्यांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत या औषधाने वाढत्या मेंदूच्या पेशी मरताना दिसल्या, तेव्हापासून हात आखडला. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेची २०२३ मधली शिफारस अशी: गुदमरण्यासारख्या तात्पुरत्या कारणाने आलेल्या आकड्या थांबल्या असतील तर औषध घरी जाण्यापूर्वीच बंद करावं. कारण जन्मजात अपस्माराचं असेल तर गोष्ट वेगळी.

तरीही काही बाळं सिरप घेऊन घरी जातात. आपल्याकडच्या एका प्रचलित सिरपमध्ये ५ मिलिलिटरला २० मिलिग्रॅम असतात, पण बाटली बदलली की ताकद बदलू शकते. तेव्हा डिस्चार्ज कार्डवर मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहून घ्या, चमच्याने न देता सिरिंजने मोजून द्या, डोस स्वतःहून वाढवू नका आणि एकाएकी थांबवूही नका. बाळ दूध ओढेनासं झालं, उठेनासं झालं, श्वास अडखळला तर पुढचा डोस देण्याआधी दवाखाना गाठा. आणि कार्डावर नुसतं ‘औषध चालू ठेवा’ एवढंच असेल, तर कोणत्या तारखेपर्यंत, हे डॉक्टरांकडून लिहून घेतल्याशिवाय तिथून निघू नका.