सहा सेकंद आणि दोन मैल

अल्ट्रा रनिंगमध्ये रस असलेल्या कोणाहीपुढे गॅरी रॉबिन्सचं नाव काढा, ‘सहा सेकंदांनी हुकलं बिचाऱ्याचं,’ हेच ऐकायला मिळतं. हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेली अर्धी गोष्ट खुद्द रॉबिन्सने जगाला सांगितली आणि मला त्याच्या धावण्याइतकंच त्या सांगण्याचं मोल वाटतं.

शर्यत होती अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली ‘बार्कली मॅरेथॉन्स’. फ्रोझन हेड नावाच्या डोंगराळ राखीव उद्यानात साधारण वीस मैलांची एक फेरी, अशा पाच फेऱ्या साठ तासांत पूर्ण करायच्या. पाचही फेऱ्यांची चढाई एव्हरेस्टच्या उंचीच्या दुपटीहून जास्त भरते. वाटेवर ना खुणा, ना स्वयंसेवक. जीपीएसला बंदी. छावणीतल्या मूळ नकाशावरून आपल्या नकाशावर मार्ग उतरवून घ्यायचा आणि होकायंत्राच्या आधाराने रान शोधायचं. जंगलात ठरावीक जागी पुस्तकं दडवलेली असतात. आपल्या छातीवरच्या क्रमांकाचं पान प्रत्येक पुस्तकातून फाडून आणायचं, हाच फेरीचा पुरावा. सुरुवात आणि शेवट एकाच ठिकाणी, एका पिवळ्या फाटकापाशी.

२०१७पर्यंत पाचही फेऱ्या पूर्ण करणारे अवघे चौदा जण होते. कॅनडाचा रॉबिन्स त्याच्या आदल्या वर्षी पाचव्या फेरीपर्यंत पोहोचला होता, पण झोपेविना डोकं चालेनासं झालं, भास होऊ लागले आणि वाट हरवली. २०१७ला तो जास्त तयारीने आला.

१ एप्रिलच्या पहाटे पावणेदोनच्या सुमारास शर्यत सुटली. अमेरिकेचा जॉन केली आणि रॉबिन्स बराच काळ बरोबर होते. डोंगर ओळखायला दोन डोकी असली की चुका कमी होतात. पण पाचव्या फेरीचा नियम वेगळा आहे. धावपटूंना आळीपाळीने विरुद्ध दिशांनी सोडतात, म्हणजे शेवटची फेरी ज्याची त्याने एकट्याने करायची. केली घड्याळाच्या काट्याच्या दिशेने निघाला, रॉबिन्सच्या वाट्याला उलटी दिशा आली.

दोन दिवसांहून जास्त जागरण, पाऊस आणि धुकं. सह्याद्रीत पावसाळ्यात सोंडेवरून उतरताना चुकीची वाट धरलेल्या ट्रेकरला हे वेगळं सांगायला नको: धुक्यात दोन्ही वाटा सारख्याच दिसतात आणि चूक कळते ती बरंच खाली उतरल्यावर. रॉबिन्सने शेवटच्या पुस्तकाचंही पान मिळवलं होतं. आता फक्त छावणी गाठायची होती. नेमक्या तिथे त्याने चुकीची पायवाट पकडली. चूक लक्षात आली तेव्हा मागे फिरून योग्य वाटेने यायला वेळ उरला नव्हता. मग रान तुडवत, नदी ओलांडून तो छावणीकडे धावत सुटला.

केली अर्ध्या तासापूर्वीच पोहोचला होता. फाटकापाशी जमलेले लोक रॉबिन्ससाठी मार्गाकडे डोळे लावून बसले होते आणि तो आला भलत्याच बाजूने. फाटकाला हात लावून तो जमिनीवर कोसळला. साठ तासांवर सहा सेकंद झाले होते. सगळी पानं आपल्याकडे आहेत, एवढं तो सांगत राहिला.

त्याचा तो व्हिडिओ जगभर फिरला. सहानुभूती अमाप मिळाली आणि ती तशीच घेत राहणं सोपं होतं. रॉबिन्सने मात्र थोड्याच दिवसांत जाहीरपणे लिहिलं, की माझं सहा सेकंदांनी हुकलं असं म्हणू नका. शेवटचा साधारण दोन मैलांचा मार्ग माझ्याकडून सुटला. सहा सेकंद आधी आलो असतो तरी ती फेरी पूर्ण ठरली नसती. आयोजक गॅरी कॅन्ट्रेल यांनीही हाच खुलासा केला.

या खुलाशाचं महत्त्व बार्कलीची रचना पाहिली की कळतं. पुस्तकं फक्त ठरावीक बिंदूंवर असतात. मधली वाट धावपटूने खरोखर कापली की नाही, हे बघायला कोणी नसतं. सगळी शर्यत धावपटूच्या शब्दावर उभी आहे. आपलं अपयश सहा सेकंदांवरून दोन मैलांचं करून घेताना रॉबिन्सने आधीच्या चौदा जणांच्या आणि केलीच्या यशाची किंमत राखली. साठ तासांच्या धडपडीतून त्याच्या हाती काय लागलं असं कोणी विचारलं, तर मी हेच उत्तर देईन. पदकापेक्षा ते कमी आहे असं मला वाटत नाही.

२०१८ला तो पुन्हा गेला. हवामान इतकं वाईट होतं, की तीन फेऱ्या पूर्ण करणारा तो एकटाच निघाला. पण चौथ्या फेरीला सोडण्याची छत्तीस तासांची मुदत तोवर उलटून गेली होती. त्या वर्षी कोणीच शर्यत पूर्ण केली नाही. बार्कली पूर्ण करणाऱ्यांच्या यादीत २०१७ समोर एकच नाव आहे, जॉन केली. आणि ते तसंच असायला हवं, हे सर्वांत आधी मान्य करणाऱ्यांत रॉबिन्स होता.