आरशातला कॅमेरामन कुठे जातो?

नायिका कपाटाच्या आरशासमोर पदर सारखा करते आहे. कॅमेरा तिच्या मागे, थेट आरशाकडे तोंड करून. तरी आरशात ना कॅमेरा, ना ट्रॉली ढकलणारा माणूस.

बरेचदा हे सेटवरच साधतं. आरसा पाच अंश वळवला तर प्रतिबिंब दहा अंश वळतं आणि युनिट चौकटीबाहेर जातं. पण शॉट समोरूनच हवा असेल, त्यात ट्रॉलीही चालणार असेल, तर काम संगणकावर येतं. आणि तिथे नवखे लोक हमखास एक चूक करतात: आरशाला ते सपाट पृष्ठभाग समजतात. खरं तर ती खिडकी आहे, पलीकडे उलटी खोली असलेली.

समजा कपाट कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर आहे आणि मागची भिंत कॅमेऱ्याच्या एक मीटर मागे. आरशात ती भिंत पाच मीटर लांब दिसते. ट्रॉली बाजूला सरकली की पडद्यावर आरशाची चौकट त्या भिंतीच्या अडीचपट सरकते. म्हणून भिंतीचं ठिगळ चौकटीला बांधून चालत नाही. ते काचेवर चिकटवल्यासारखं दिसतं. त्याची हालचाल भिंतीच्याच खुणांवरून मोजावी लागते, एखाद्या स्विचबोर्डावरून म्हणा.

कॅमेऱ्याचं प्रतिबिंब मात्र जागचं हलत नाही. ट्रॉली आरशाला समांतर चालली तर ते पडद्याच्या मधोमध बसून राहतं आणि मागून भिंत सरकत जाते. याचा फायदा असा, की आत्ता झाकलेली भिंत थोड्या वेळाने त्याच शॉटमध्ये उघडी दिसते. ती तिथून उचलायची. पण कॅमेरा आणि माणूस मिळून साठ सेंटीमीटर रुंद असतील, तर चार मीटरवरचं त्यांचं प्रतिबिंब पाच मीटरवरची पंचाहत्तर सेंटीमीटर भिंत अडवतं. ट्रॉली तीसच सेंटीमीटर सरकली, तर मधली पंचेचाळीस सेंटीमीटर भिंत शॉटभर दिसतच नाही. तेवढ्यासाठी आरशाकडे पाठ करून मागच्या भिंतीचा फोटो घ्यावा लागतो आणि तो डावा-उजवा उलटवून बसवावा लागतो. भिंत सपाट असेल तर हे सहज जमतं. तिथे पुस्तकांनी भरलेलं शेल्फ असेल तर जागा बदलल्याने कोन चुकतो आणि काम वाढतं.

सगळ्यात वेळखाऊ भाग यानंतरचा. नायिका आणि तिचं प्रतिबिंब, दोन्ही या ठिगळाच्या पुढे यायला हवेत. त्यासाठी दोघांची कड फ्रेमगणिक कापावी लागते. खांदा सोपा, सुटे केस कटकटीचे. शिवाय ठिगळाला मूळ चित्राइतकाच धूसरपणा आणि तितकेच बारीक कण द्यावे लागतात. नाहीतर तो तुकडा जास्तच स्वच्छ दिसून उघडा पडतो. कपाटाच्या आरशाची कड तिरकी घासलेली असेल, तर त्या बोटभर पट्टीत युनिट पुन्हा वेगळ्या कोनातून दिसतं. घाईत ती पट्टी नेमकी राहून जाते.

तुम्ही स्वतः असा शॉट घेणार असाल तर लाइट हलवण्याआधी मागच्या रिकाम्या भिंतीचा फोटो घेऊन ठेवा. दुसऱ्या दिवशी तसा प्रकाश पुन्हा मिळत नाही.